साडेसहा किलो जास्तीचं लोखंड

माझं तोंड डोक्याच्या आधी धावतं. आई म्हणायची, नवरा म्हणतो, आणि गाळ्यातलेही सगळे म्हणत असणार, फक्त माझ्यासमोर म्हणायची कोणाची टाप नाही. बहुतेक वेळा त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. चार शब्द जातात, चहा येतो, विषय संपतो. एकदा मात्र माझ्या एका वाक्यानं एका माणसाचं काम जवळजवळ सुटलंच होतं. ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

आमचा गाळा अंधेरीच्या एमआयडीसीत. वर पत्रा, बाजूला पावडर कोटिंगवाला, समोर पॅकिंगवाला. आम्ही विजेवर चालणारे ओव्हन बनवतो. केक-बिस्किटांचे नाहीत, मोटरच्या वाइंडिंगचं व्हार्निश सुकवायचे, औषधाच्या कारखान्यात पावडर वाळवायचे, प्रयोगशाळेत लागतात तसले. मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनीअर. हीटरचं नियंत्रण, सेन्सर, टेस्टिंग आणि शेवटी ग्राहकाला द्यायचं सर्टिफिकेट, हे सगळं माझ्याकडे. ओव्हनची पेटी मात्र काकांची.

काका म्हणजे आमचे मिस्त्री. त्रेसष्ट वर्षांचे, मालवणकडचे, वडील गिरणीत होते. आताच्या मालकांच्या वडिलांनी त्यांना कामावर घेतलं होतं. ओव्हनला दोन पेट्या असतात, एक आतली, एक बाहेरची, आणि मधल्या पोकळीत ग्लासवूल, काचेच्या तंतूंची लोकर, भरायची असते, म्हणजे आतली उष्णता बाहेर पळत नाही. हे भरणं वाटतं तितकं सोपं नाही. कमी भरली तर खाली बसते आणि वर रिकामी जागा राहते. जास्त कोंबली तर तिच्यातली हवा जाते, आणि उष्णता अडवते ती खरं तर ती अडकलेली हवाच. शिवाय ती अंगाला लागली की दोन दिवस खाज सुटते. काका हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून एकेक कोपरा भरायचे, मग तळहातानं दाबून बघायचे, मगच पत्रा बंद करायचे. 

त्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन महिन्यांनी एक ओव्हन ग्राहकाकडून परत आला. एका बाजूची ग्लासवूल खाली सरकली होती, बाहेरच्या पत्र्याला हात लावला की चटका बसायचा. मालक तसे वाईट नाहीत, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले की काका, पुन्हा असं एक जरी झालं तर आता घरी आराम करा. काकांनी मान हलवली आणि तो ओव्हन पुन्हा उघडून बसले. दुपारी जेवताना मला म्हणाले की घरी बसलो तर भिंतीशी बोलायला लागेन. ते हसत म्हणाले, पण त्यांनी डबा अर्धाच खाल्ला.

अशात मुलुंडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजची ऑर्डर आली. त्यांना प्रोसेस कंट्रोलच्या लॅबसाठी छोटा ओव्हन हवा होता, मुलांनी त्याच्यावर प्रयोग करायचे म्हणून. तिथल्या प्राध्यापक मॅडमनी एक अट घातली होती. ओव्हनबरोबर त्याचं गणिती मॉडेल द्यायचं, आणि ते कॉलेजात मुलांसमोर जुळलं पाहिजे, पाच टक्क्यांच्या आत. जुळलं नाही तर ओव्हन परत.

मॉडेल म्हणजे काही आभाळातली गोष्ट नाही. मी काकांना चहा पिताना सांगितलं होतं. ओव्हनचं तापमान कसं चढेल ते दोनच गोष्टी ठरवतात. एक आर, म्हणजे उष्णतेला बाहेर पडायला होणारा अडथळा. ती तुमची ग्लासवूल. दुसरी सी, म्हणजे आतलं सगळं एका अंशानं तापवायला किती उष्णता लागते ते. ते तुमचं लोखंड. हीटर जेवढी उष्णता देतो, त्यातली थोडी भिंतीतून बाहेर गळते, उरलेली लोखंड तापवते. सुरुवातीला आत-बाहेर फरक नसतो, म्हणून गळती नसते आणि तापमान भराभर चढतं. जसजसा ओव्हन तापतो तसतशी गळती वाढते आणि चढ मंदावतो. शेवटी जेवढी येते तेवढीच जाते, आणि काटा एका जागी थांबतो. हे समीकरणात मांडलं आणि त्याचं लाप्लास रूपांतर घेतलं की ट्रान्सफर फंक्शन मिळतं, म्हणजे किती शक्ती दिली की तापमान कसं चढेल याचं सूत्र. वरती आर, खाली आर-सी-एस अधिक एक. पहिल्या क्रमाचं, साधं.

काकांना लाप्लासशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले की म्हणजे आर पण माझो आणि सी पण माझो, तू नुसती लिवतंस. मी म्हटलं, अगदी बरोबर.

आकडे काढायची पद्धत अशी. हीटरला ठरावीक शक्ती एकदम द्यायची आणि तशीच ठेवायची. आम्ही पाचशे वॅट दिले. दर पाच मिनिटांनी तापमान लिहायचं, काटा थांबेपर्यंत, म्हणजे चांगले चार तास. आमच्या गाळ्यात तो एकशे पस्तीसवर थांबला. खोलीपेक्षा शंभर अंश वर. शंभराला पाचशेनं भागलं की आर आला ०.२ अंश प्रति वॅट. मग शंभरातले त्रेसष्ट अंश चढायला किती वेळ लागला ते बघायचं. चाळीस मिनिटं, म्हणजे चोवीसशे सेकंद. हा टाइम कॉन्स्टंट, आर गुणिले सी. त्याला आरनं भागलं की सी आला बारा हजार जूल प्रति अंश. लॅपटॉपवर माझी एक शीट होती, तिच्यात आकडे टाकले की हे सगळं आपोआप निघायचं. सर्टिफिकेटवर मी ट्रान्सफर फंक्शन लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

टेम्पोतून ओव्हन मुलुंडला गेला. मी आणि काका मागोमाग गेलो. काका यासाठी की लॅबच्या फरशीवर ओव्हनचे पाय सरळ बसवायचे होते, आणि मला वाटतं त्यांना तो पास होताना बघायचाही होता. लॅब चकाचक होती. एका भिंतीला कॉम्प्युटरांची रांग होती आणि त्यांच्यासाठी एसी फुल्ल सोडलेला. मी ओढणी गुंडाळून बसले. मॅडम माझ्याच वयाच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी स्वतः वॅटमीटर बघितला, पाचशे वॅट बरोबर आहेत म्हणाल्या, आणि साडेदहाला आम्ही स्विच टाकला.

चार तास दर पाच मिनिटांनी मी आकडा वाचत होते आणि मॅडम लिहीत होत्या. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर. एक वाजता मॅडमनी आमच्यासाठी उपमा मागवला. तोपर्यंत सगळं छान होतं. अडीचला काटा थांबला, एकशे तेवीसवर.

मला वाटलं अजून चढेल. दहा मिनिटं थांबलो. एकशे तेवीसच. गाळ्यात एकशे पस्तीस, इथे एकशे तेवीस, तेवढ्याच वॅटवर. मी आकडे शीटमध्ये टाकले. आर आला ०.१७६. मॅडमनी माझ्या खांद्यावरून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या की बारा टक्के कमी आहे, आपलं पाच टक्के ठरलं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःवर नाही, समोर जो होता त्याच्यावर. आर कमी म्हणजे उष्णता जास्त गळतेय, आणि उष्णता जास्त गळतेय म्हणजे ग्लासवूल नीट नाही. गाळ्यात ठीक होती आणि टेम्पोत हादरे बसून सरकली, म्हणजे सैल भरली होती. मागच्या वेळी झालं तसंच. मी तिथल्या तिथे मालकांना फोन लावला आणि सांगितलं की वाट लागली, आर पडलाय, काकांची ग्लासवूल पुन्हा सरकलेली दिसते.  मालक म्हणाले की ओव्हन परत आण, आणि काकांना सांग, उद्यापासून नको.

काका तीन हातांवर होते. फोनमधलं त्यांना ऐकू गेलं नसेल, पण माझं सगळं गेलं होतं, आणि पुढचं माझ्या तोंडावर वाचता येत होतं. आता इथे गप्प बसायचं की नाही? नाही. मी म्हणाले, "काका, नीट दिसत नव्हतं तर सांगायचंत ना. दुसऱ्या कोणी भरली असती."

ते उठले. आवाज अजिबात चढला नाही.

"मी हातान भरतंय गो बाय, डोळ्यान नाय."

एवढं बोलून ते बाहेर गेले आणि पॅसेजमधल्या बाकावर बसले. मला काचेतून त्यांची पाठ दिसत होती, आणि कानाला लावलेला मोबाइल.  वीस वर्षं ज्या माणसानं मला गाळ्यात सगळं शिकवलं, कुठला पत्रा वाकतो, कुठला वेल्ड तुटतो, त्याला मी परक्या माणसासमोर आंधळा म्हटलं होतं.

मॅडमना नामंजुरीचा फॉर्म भरायचा होता. त्यात तीन रकाने होते, आर, टाइम कॉन्स्टंट आणि सी. त्यांनी पेन उघडलं आणि बाकीचे दोन आकडे विचारले. मी शीटवरून वाचले. टाइम कॉन्स्टंट पंचेचाळीस मिनिटं. सी पंधरा हजार तीनशे.

मॅडमनी लिहून घेतलं, पण माझी जीभ तिथेच अडकली. पंधरा हजार तीनशे? गाळ्यात बारा हजार होता. ग्लासवूल सरकली तर आर बदलेल, कबूल. सी कशाला बदलेल? सी म्हणजे लोखंड. आणि दुसरं म्हणजे, टाइम कॉन्स्टंट हा दोघांचा गुणाकार. गळका ओव्हन कमी तापमानावर थांबतो, पण तिथे पोचतो लवकर. आर पडला असता आणि लोखंड तेवढंच असतं, तर चाळीसाचे पस्तीस व्हायला हवे होते. इथे पंचेचाळीस झाले होते. गळतोयही आणि मंदही पडलाय. असं कसं होईल?

मी मॅडमना म्हटलं, दोन मिनिटं फॉर्म थांबवा. आणि बाहेर गेले. काकांच्या शेजारी बसायची हिंमत झाली नाही, समोर उभी राहिले आणि विचारलं की आतल्या पेटीचं वजन किती.

"चोवीस किलो. जाळये धरून. भंगारवाल्याच्या काट्यार मीच चढवलंय," काका म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

एक किलो लोखंड एका अंशानं तापवायला साधारण पाचशे जूल लागतात. चोवीस किलोला बारा हजार. गाळ्यातला आकडा अगदी चपखल. आजचा आकडा खरा असेल तर आत साडेतीस किलो लोखंड हवं. साडेसहा किलो जास्तीचं. मी हे काकांना सांगितलं, कारण त्या क्षणी मला दुसरं कोणी सुचलं नाही. म्हटलं, माझ्या कागदाप्रमाणे अंधेरीहून मुलुंडला येईपर्यंत पेटी साडेसहा किलोनं जड झाली.

काकांनी आता वर बघितलं. "लोखंड जेवता काय गो? तुझो कागद खोटो."

मी तशीच आत पळाले. लॅपटॉप ओढला आणि पहिल्यांदाच निकालाच्या रकान्यांऐवजी वरून एकेक ओळ वाचली. साडेदहाचं पहिलं वाचन तेवीस अंश. ओव्हन बंद होता, म्हणजे ते खोलीचंच तापमान. आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात, खोलीपेक्षा किती वर, तिथे होतं उणे बारा.

उणे बारा! बंद ओव्हन खोलीपेक्षा बारा अंश थंड कसा असेल?

मग मला ते आठवलं. गाळ्यातला भिंतीवरचा थर्मामीटर फार पूर्वी फुटला होता. दर वेळी खोलीचं तापमान कोण मोजणार, म्हणून मी शीटच्या वरच्या कोपऱ्यात पस्तीस टाकून ठेवलं होतं. पत्र्याखाली दिवसा असतंच तेवढं. आलेख शून्यापासून सुरू होईल अशी सोयही मीच केली होती, त्यामुळे उणे आकडे चित्रात कधी दिसायचेच नाहीत. इतकी वर्षं सगळे ओव्हन आम्ही त्या पत्र्याखालीच तपासले आणि ते पस्तीस चालून गेलं. या ओव्हनच्या वेळीही गाळ्यातलं पहिलं वाचन पस्तीसच होतं, म्हणून सर्टिफिकेट बरोबर आलं. आणि इथे मी चार तास ओढणी गुंडाळून कुडकुडत बसले होते, तरी माझ्या टाळक्यात शिरलं नाही की इथे पस्तीस नाही. हे समीकरण खोलीच्या वरच्या तापमानाचं आहे. उष्णता गळते ती आत-बाहेरच्या फरकामुळे. हे मी दर वर्षी नवीन ट्रेनींना शिकवते. तोंडपाठ आहे.

मी पस्तीस खोडलं आणि तेवीस टाकलं. एकशे तेवीस वजा तेवीस, शंभर. आर ०.२००. टाइम कॉन्स्टंट चाळीस मिनिटं. सी बारा हजार. जसंच्या तसं.

मी खुर्चीत मागे टेकले आणि इतका मोठा श्वास सोडला की मॅडमनी दचकून बघितलं. जिवात जीव आला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.  मग मी मॅडमना सगळं दाखवलं, माझ्या मूर्खपणासकट. वाटलं होतं त्या ऐकवतील, आणि ऐकवायलाच हवं होतं. त्यांनी आधी एसीचा रिमोट बघितला, भिंतीवरचा थर्मामीटर बघितला, स्वतः कागदावर तिन्ही आकडे पुन्हा काढले. मग तो नामंजुरीचा फॉर्म फाडला. म्हणाल्या की मी पण चार तास इथेच होते आणि मलाही सुचलं नाही, आता मुलांना पहिला प्रश्न हाच देणार, की या आकड्यांत चूक कुठे आहे ते शोधा. आणि पावतीवर सही केली.

आता उरलं होतं ते सगळ्यात जड. माफी मागणं मला जमत नाही, घरात विचारा कोणालाही. पण जे मी काकांसमोर बोलले होते ते काकांसमोरच परत घ्यायला हवं होतं. मी पॅसेजमध्ये गेले, बाकावर त्यांच्या शेजारी बसले, मालकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

मालकांनी विचारलं की टेम्पो पाठवू का परत आणायला.

"नको. ओव्हन पास झाला," मी म्हटलं. "चूक माझी होती, शीटमध्ये. काकांची ग्लासवूल एक टक्काही हललेली नाही. टेम्पोत एवढे दणके बसून नाही."

 मग मालकांनी विचारलं की काका आहेत का तिथे. मी म्हटलं, ऐकतायत. मालकांनी घसा खाकरला. त्यांनाही माफी मागणं जमत नाही, आमच्या गाळ्यात तो रोगच आहे. ते म्हणाले की काका, त्या औषधवाल्यांच्या मोठ्या ओव्हनची पेटी वेल्डिंग होऊन आलीय, ती उद्या सकाळी भरायला घ्या, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. काका फक्त हो म्हणाले.

फोन बंद झाला. मी म्हटलं, काका, मी वाईट बोलले. ते म्हणाले की बोललंस खरी. पुढे काही नाही. माझ्या पाठीवर थोपटलं नाही, जाऊ दे म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण जाऊ दे म्हणण्यासारखं ते नव्हतंच. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. आतून मॅडमचा आवाज येत होता, त्या कोणाला तरी फोनवर सांगत होत्या की ओव्हन छान आहे.

मग काकांनी खिशातून आपला मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि सावकाश घरचा नंबर दाबला. पलीकडे काकूंनी उचलला असावा. काका मान खाली घालून, अगदी हळू बोलले.

"मगाशी सांगितलंय ता इसर गो. उद्या डबो कर माझो."